पहिले पान हरवलेले गुणपत्रक : टक्के, श्रेणीगुण आणि वीसपैकी गुण यांवरून शिक्षणाचा देश कसा ओळखावा

परदेशी विद्यार्थ्याचे गुणपत्रक संपूर्ण असले, तर त्यावरून देश ओळखण्याची वेळच येत नाही, कारण विद्यापीठाचे नाव, गाव आणि शिक्का पहिल्याच पानावर असतो. पहिले पान गहाळ झाले, की मात्र अडचण सुरू होते. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या पात्रता कक्षात मी बरीच वर्षे काढली. तिथे असे कागद दोन वाटांनी येत. एक तर विद्यार्थी झेरॉक्स काढताना वरचा भाग कापला जाई, किंवा एखादा एजंट पाच-सहा अर्जदारांची पाने एकाच पीडीएफमध्ये जोडून पाठवी आणि कोणते पान कोणाचे ते कळेनासे होई. पडताळणीचे पत्र कोणत्या देशात पाठवायचे आणि गुणांचा अर्थ कोणत्या पद्धतीने लावायचा, हे दोन्ही प्रश्न त्या पानावरच्या आकड्यांवरूनच तात्पुरते सोडवावे लागत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आपण इथे शिक्षणाचा देश शोधतो आहोत, विद्यार्थ्याचे नागरिकत्व नव्हे. अर्जावरचा पासपोर्ट एका देशाचा आणि पदवी शेजारच्या देशाची, असे पुष्कळदा असते, आणि पासपोर्ट पाहून काढलेला निष्कर्ष कागदावरच्या आकड्यांना डोळ्यांआड करतो. पुढे जे पान सोडवून दाखवणार आहे, त्यात नेमके हेच घडले होते.

ते पान एका एजंटाच्या फायलीत होते. यांत्रिकी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी आलेल्या अर्जांत दोन अर्जदार अफगाण पासपोर्टचे होते आणि हे पान त्यांच्यापैकी एकाचे असावे, एवढेच फायलीवरून कळत होते. विषयांची नावे इंग्रजीत टंकलेली होती. वरचा मथळा नव्हता, फक्त '९५-९६' असे वर्ष आणि 'तिसरे सत्र' एवढेच दिसत होते. खाली तारीख होती १४००/०३/१२. मधला मजकूर असा होता :

| विषय | संख्या | गुण | शेवटचा रकाना |
|---|---|---|---|
| अभियांत्रिकी गणित | ३ | १२/५० | ३७/५० |
| गतिशास्त्र | ३ | १०/२५ | ३०/७५ |
| पदार्थांचे बल | ३ | १४/०० | ४२/०० |
| उष्मागतिकी | ३ | ९/०० | २७/०० |
| कार्यशाळा | १ | १८/५० | १८/५० |
| शारीरिक शिक्षण | १ | २०/०० | २०/०० |
| इस्लामी विचार २ | २ | १७/०० | ३४/०० |

तळाशी तीन आकडे होते : १६, १३ आणि १३/११.

कक्षात नव्याने रुजू झालेल्या मुलीने पान पाहिले आणि म्हणाली, "सर, याला गणितात पन्नासपैकी बाराच पडलेत हो. याला प्रवेश कसा द्यायचा?" मी तिला पुढच्या दोन ओळी वाचायला सांगितल्या. चौदा भागिले शून्य शून्य आले, तेव्हा ती थांबली. शून्यपैकी चौदा गुण कोणी देत नाही.

आधी रकान्यांची कामे वेगळी करावीत

मोजपट्टी कोणती हे विचारण्याआधी कोणता आकडा कशाचा आहे ते ठरवावे लागते. गुणपत्रकात सहसा तीन प्रकारचे आकडे असतात. विषयाचे वजन सांगणारे श्रेयांक किंवा तासिका हा एक प्रकार, प्रत्यक्ष गुण हा दुसरा, आणि या दोहोंचा गुणाकार हा तिसरा. शीर्षके नसतील किंवा भाषांतरकाराने ती संदिग्ध केली असतील, तर गुणाकार करून पाहणे हा सर्वांत भरवशाचा उपाय असतो. या पानावर पहिल्या ओळीत ३ गुणिले १२.५० केले की ३७.५० येतात, म्हणजे शेवटचा रकाना गुणाकाराचा ठरतो. दुसऱ्या ओळीत ३ गुणिले १०.२५ म्हणजे ३०.७५ येतात. सगळ्या ओळी अशा जुळल्या, की तिरकी रेघ 'पैकी' या अर्थाची नसून दशांशचिन्ह आहे, हे निर्विवाद होते.

शेवटच्या रकान्याची बेरीज २०९.७५ येते आणि वजनांची बेरीज १६. भागाकार केला की १३.१०९ मिळतात, म्हणजे दोन दशांश स्थळांपर्यंत १३.११. तळाशी लिहिलेली 'तेरा, रेघ, अकरा' ही सरासरी अशी तंतोतंत जुळली. तिरकी रेघ 'पैकी' म्हणून वाचली असती, तर 'अकरापैकी तेरा' असे अशक्य उत्तर आले असते. दशांशचिन्हासाठी तिरकी रेघ वापरण्याची सवय फारसी लेखनात सर्रास आढळते, आणि भाषांतर करणाराने आकडे जसेच्या तसे उतरवले की ती इंग्रजी पानावरही येते. ओळखायचे कसे, तर रेघेच्या उजवीकडे सतत ००, २५, ५०, ७५ हेच आकडे फिरत राहतात. खरोखर 'पैकी' असते, तर उजवीकडची संख्या प्रत्येक विषयाला एकच किंवा दोन-तीन ठरावीक गोल संख्यांपैकी एक असते.

फ्रेंच किंवा पोर्तुगीज कागदावर याच जागी स्वल्पविराम दिसतो, म्हणजे 'तेरा स्वल्पविराम अकरा'. जर्मनीत आणि रशियातही स्वल्पविरामच असतो, त्यामुळे त्यावरून युरोपाची किंवा तिच्या जुन्या वसाहतींची दिशा मिळते, एवढेच. देश त्यावरून ठरत नाही.

छत, तळ आणि उत्तीर्णतेची रेघ

रकाने सुटले की गुणांच्या रकान्यातला सर्वांत मोठा आकडा पाहावा. तो २० च्या वर जात नसेल आणि ११ ते १८ या पट्ट्यात बहुतेक गुण असतील, तर वीसची मोजपट्टी धरावी. ४० ते ९५ या पट्ट्यात गुण असतील, तर टक्केवारी समजावी. आकडे ४, ५ किंवा १० च्या आत असतील आणि शेजारी अक्षरे असतील, तर श्रेणीगुण समजावेत. एवढे तर कोणालाही सुचेल. त्यापुढे उत्तीर्णतेची रेघ शोधावी लागते, आणि ती फक्त पान नीट वाचल्यानेच सापडते, कारण नियम बहुधा हरवलेल्या पानावर किंवा मागच्या बाजूला छापलेला असतो.

रेघ शोधण्यासाठी नापास विषय उपयोगी पडतो. विद्यार्थी सगळ्या विषयांत उत्तीर्ण असेल, तर पान तितकेसे बोलत नाही. आपल्या पानावर तळाच्या पहिल्या दोन संख्या १६ आणि १३ आहेत, म्हणजे घेतलेली वजने १६ आणि पदरात पडलेली १३. गेलेली ३ वजने कोणत्या विषयाची? ३ वजनाचे चार विषय आहेत, त्यांत सर्वांत कमी गुण उष्मागतिकीचे, म्हणजे ९. पुढच्या पानावर उष्मागतिकी पुन्हा आला आणि त्याला ११.५० मिळाले, तेव्हा शंका उरली नाही. ९ गुणांचा विषय गेला आणि १०.२५ गुणांचा टिकला. म्हणजे रेघ ९ आणि १०.२५ यांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि व्यवहारात ती १० वर असते.

टक्केवारीचा कागद समोर असता तर

वीसच्या पट्टीकडे वळण्याआधी टक्केवारीबद्दल थोडे बोलतो, कारण कोल्हापूरकर वाचकाची चूक होण्याची शक्यता इथे अधिक असते. आपल्याकडे ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी म्हणण्याची सवय आहे. ब्रिटनमध्ये प्रथम श्रेणी ७० पासून सुरू होते, ६० ते ६९ ही द्वितीय श्रेणीची वरची पायरी असते आणि उत्तीर्णतेची रेघ पदवीला सामान्यतः ४० वर असते. केनियातल्या अनेक विद्यापीठांत ७० च्या वर ए, ६० च्या वर बी, ५० च्या वर सी आणि ४० च्या वर डी अशी अक्षरे लावतात. ही त्याच परंपरेतली मांडणी आहे. त्यामुळे बहुतेक गुण ५२ ते ६८ या पट्ट्यात आणि एखादाच ७१ असा कागद दिसला, तर तो मध्यम विद्यार्थ्याचा आहे असे समजू नये. आकडे उंच जात नाहीत, हेच त्या कागदाचे वैशिष्ट्य आहे.

याच्या उलट चीनमधल्या टक्केवारीच्या कागदावर गुण ७५ ते ९५ मध्ये गर्दी करतात आणि रेघ ६० वर असते. सीरियातल्या विद्यापीठांतही रेघ सहसा ६० वरच असते, तर इराकमध्ये ती ५० वर. इराकी कागदावर ५०, ६०, ७०, ८० आणि ९० या पायऱ्यांना 'स्वीकारार्ह', 'मध्यम', 'चांगला', 'फार चांगला' आणि 'उत्कृष्ट' अशी शब्दांची जोड असते. सांगायचा मुद्दा असा, की ५५ या एकाच आकड्याचा अर्थ एका देशात उत्तीर्ण, दुसऱ्यात अनुत्तीर्ण आणि तिसऱ्यात बऱ्यापैकी असा होतो. म्हणून सरासरी पाहू नये. अडलेला विषय कोणत्या गुणांवर अडला, ते पाहावे.

श्रेणीगुणांचा कागद असता तर

श्रेणीगुणांत आधी दिशा तपासावी. आपल्या अंगवळणी पडलेली समजूत अशी, की आकडा मोठा तर विद्यार्थी चांगला. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण असतो आणि ४ वर उत्तीर्णतेची रेघ असते. फिलिपिन्सच्या अनेक विद्यापीठांत १.०० सर्वोत्तम, ३.०० उत्तीर्ण आणि ५.०० अनुत्तीर्ण असतो. ज्या पानावर पुन्हा घेतलेल्या विषयाचा जुना आकडा मोठा आणि नवा आकडा लहान आहे, तिथे पट्टी उलटी आहे हे लगेच कळते.

दिशा कळल्यावर छत पाहावे. ५ चे छत, ए ते एफ अक्षरे आणि ७० गुणांना ए असेल, तर नायजेरियाचा विचार आधी करावा. तिथे ४.५० च्या वर प्रथम श्रेणी आणि ३.५० ते ४.४९ द्वितीय श्रेणीची वरची पायरी असते. दहाचे छत आणि 'ओ' हे अक्षर दिसले, तर तो कागद बहुधा आपल्याच देशातला आहे, आणि 'परदेशी' म्हणून फायलीत शिरलेला असा कागद मी पाहिलेला आहे.

चारच्या छताखाली सर्वांत जास्त गर्दी असते. तिथे एकूण सरासरीकडे न पाहता प्रत्येक विषयापुढचे सुटे आकडे वहीत उतरवावेत. ३.७ आणि ३.३ असे तृतीयांशाने उतरणारे आकडे अमेरिकी पद्धतीचे आणि तिचे अनुकरण करणाऱ्या अनेक देशांचे असतात. ३.७५, ३.५०, ३.२५ असे पावपावाने उतरणारे आकडे आणि ८० टक्क्यांना 'ए प्लस' ही जोडी दिसली, तर बांगलादेशकडे बोट जाते. मात्र केवळ पाव गुणाच्या पायरीवर विसंबू नये, दोन्ही खुणा एकत्र हव्यात.

वीसच्या पट्टीतले देश एकमेकांपासून वेगळे कसे काढावेत

आता पुन्हा आपल्या पानाकडे येऊ. वीसपैकी गुण देणारे देश बरेच आहेत. फ्रान्स, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, सेनेगल आणि बेल्जियम हे त्यांतले. पोर्तुगाल आणि त्याच्या परंपरेतले मोझांबिक, अँगोला हेही त्यांतलेच. शिवाय इराण, व्हेनेझुएला आणि पेरू. नुसते 'वीसपैकी' हे कळून यादी एवढी मोठीच राहते. ती लहान करण्यासाठी मी तीन कसोट्या याच क्रमाने लावतो, कारण पहिली सर्वांत कमी श्रमाची आणि तिसरी सर्वांत नाजूक आहे.

पहिली कसोटी रेघेची. पेरूमध्ये उत्तीर्णतेला सहसा ११ लागतात. आपल्या पानावर १०.२५ टिकले आहेत, म्हणून पेरू गळला. इथे एक सावधगिरी ठेवावी लागते. इराणमध्ये रेघ पातळीनुसार बदलते. पदवीला १०, पदव्युत्तर पदवीला १२ आणि डॉक्टरेटला १४. त्यामुळे एखाद्या पानावर ११.५० गुणांचा विषय पुन्हा घ्यावा लागलेला दिसला, तर 'वीसपैकी निम्म्याहून जास्त मिळूनही नापास कसा?' म्हणून गोंधळून जाऊ नये. ते पान इराणी पदव्युत्तर अभ्यासाचे असू शकते.

दुसरी कसोटी वजनांच्या बेरजेची, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत मोलाची आहे. युरोपीय श्रेयांक पद्धतीत पूर्णवेळ वर्षाला ६० श्रेयांक, म्हणजे सत्राला ३० असतात. फ्रान्स, पोर्तुगाल आणि बेल्जियम या पद्धतीत आहेत, आणि उत्तर व पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक फ्रेंचभाषक विद्यापीठांनीही सत्राला ३० श्रेयांकांची तीच रचना स्वीकारलेली आहे. आपल्या पानावर सत्राची बेरीज १६ आहे. इराणमध्ये विद्यार्थी सत्राला सहसा १२ ते २० एकके घेतो आणि अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी साधारण १४० एककांची असते. वजनांची बेरीज ३० च्या आसपास नसून १६ आहे, एवढ्यावरून युरोप आणि तिचा आफ्रिकी विस्तार बराचसा बाजूला सरतो. जुन्या, सुधारणेआधीच्या फ्रेंच कागदांवर श्रेयांक नसून विषयांचे गुणक असतात आणि त्यांची बेरीज काहीही असू शकते, हे मात्र लक्षात ठेवावे.

तिसरी कसोटी भरपाईची. फ्रेंच पदवी शिक्षणात एका विषयात १० च्या खाली गेलेला विद्यार्थी दुसऱ्या विषयांतल्या चांगल्या गुणांनी ती तूट भरून काढू शकतो, आणि सत्राची सरासरी १० च्या वर असेल तर बहुधा सत्र पदरात पडते. आपल्या विद्यार्थ्याची सरासरी १३.११ आहे. फ्रान्समध्ये असता, तर उष्मागतिकीचे ९ गुण त्या सरासरीत विरघळून जाण्याची शक्यता बरीच होती. इथे मात्र तीन एकके सरळ गेली आणि विषय पुन्हा द्यावा लागला. यावरून प्रत्येक विषय स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावा लागतो, अशी पद्धत दिसते. ही कसोटी नाजूक म्हणतो, कारण काही फ्रेंच अभियांत्रिकी संस्था ठरावीक गुणांच्या खाली भरपाई देत नाहीत.

याच्या जोडीला गुणांची उंचीही बोलते. फ्रान्समध्ये १२, १४ आणि १६ या पायऱ्यांवर 'बऱ्यापैकी', 'चांगला' आणि 'फार चांगला' असे शेरे मिळतात आणि १६ च्या वरचे गुण विरळा असतात. आपल्या पानावर कार्यशाळेला साडेअठरा आणि शारीरिक शिक्षणाला पूर्ण २० आहेत. एका विषयावरून काही ठरत नाही, पण विसाचा आकडा इतक्या सहज दिलेला पाहून फ्रान्सची शक्यता आणखी कमी होते.

इराण की अफगाणिस्तान : पट्टी आणि पंचांग एकत्र वाचावे

आतापर्यंत गुणांनी इराणकडे नेले, पण अर्जदाराचा पासपोर्ट अफगाण होता आणि विषयांत 'इस्लामी विचार' हेही नाव होते. आमच्या कक्षातल्या एका ज्येष्ठ बाईंनी काबूलकडे पडताळणीचे पत्र लिहायला घेतलेच होते. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, कारण दोन्ही देशांत सौर हिजरी पंचांग वापरले गेलेले आहे आणि दोन्हीकडे फारसी चालते, तिला अफगाणिस्तानात दरी म्हणतात. पंचांगावरून हे दोन देश वेगळे होत नाहीत. ते वेगळे होतात मोजपट्टीवरून. अफगाण विद्यापीठांचे गुण शंभरपैकी असतात, इराणचे वीसपैकी. म्हणजे पंचांगाने फ्रान्स आणि सेनेगल बाद होतात आणि पट्टीने अफगाणिस्तान बाद होते. दोन्ही खुणा एकाच वेळी पाळणारा देश इराण उरतो.

पंचांगाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण वर्ष चुकले की पुढचे सगळेच चुकते. '९५-९६' हे वाचून कोणीही १९९५-९६ समजेल. पण खालची तारीख १४००/०३/१२ आहे. हे चांद्र हिजरी वर्ष धरले, तर १४०० हे साल १९७९ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. मग १९७९-८० च्या सुमारास दिलेल्या कागदावर १९९५ चे सत्र कसे असेल? दोन्ही तारखा एकाच पंचांगातल्या असल्या पाहिजेत. सौर हिजरी सन धरला, की ९५-९६ म्हणजे १३९५-९६ होते. ढोबळ हिशेब असा, की सौर हिजरी सनात ६२१ मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू होते ते मिळते. १३९५ अधिक ६२१ म्हणजे २०१६. शैक्षणिक वर्ष तिथे मेहर महिन्यात, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते, म्हणून हे २०१६-१७ चे वर्ष. खालची तारीख वर्ष १४००, तिसरा महिना, बारावा दिवस, म्हणजे २ जून २०२१. पदवी संपवून प्रवेशासाठी प्रत काढली, असा सरळ क्रम लागला.

हीच गडबड नेपाळी कागदाबाबत उलट दिशेने होते. तिथे विक्रम संवत असल्याने २०७५ असे भविष्यातले वाटणारे वर्ष दिसते आणि ते २०१८-१९ असते. इथिओपियाचे पंचांग आपल्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षे मागे असते, त्यामुळे त्या कागदावरचा विद्यार्थी प्रत्यक्षापेक्षा वयस्क वाटतो.

पानाच्या कोपऱ्यात गोल शिक्क्याचा अर्धा भाग उमटला होता. त्यावरची अक्षरे पुसट होती, पण आकडे दिसत होते. फारसी आणि अरबी आकडे जवळजवळ सारखे असले, तरी चार, पाच आणि सहा हे तीन आकडे वेगळे लिहितात. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि अरबी शून्य हा नुसता ठिपका असतो, त्यामुळे मराठी डोळा इथे हमखास फसतो. फारसी पाच पत्त्यांतल्या उलट्या बदामासारखा दिसतो. अरबी चार हा उलट्या ३ सारखा असतो, तर फारसी चाराला उभ्या दांडीवर वळलेली शेंडी असते. शिक्क्यावर उलटा बदाम होता, म्हणून इराकसारख्या अरबी आकडे वापरणाऱ्या देशांचा प्रश्नच मिटला. अफगाणिस्तानातही हेच आकडे वापरतात, म्हणून या खुणेने तो प्रश्न सुटत नाही. तो वीसच्या पट्टीनेच सोडवला होता.

जिथे ही सगळी रीत फसते

पहिली फसगत घरचीच आहे. आपल्याकडच्या अनेक अभ्यासक्रमांत लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे असते. अंतर्गत गुणांचे सुटे पान फायलीत मिसळले, की त्यावर १४, १७, १९ असे आकडे दिसतात आणि ते हुबेहूब वीसच्या पट्टीचे वाटते. ओळखण्याची खूण अशी, की त्या पानावर वजनांचा रकाना नसतो, गुण पूर्णांकांत असतात आणि जवळजवळ सगळेच १२ च्या वर असतात. अंतर्गत गुणांत आपण नापास करायला फारसे धजत नाही, हे त्या आकड्यांवरून परक्यालाही कळेल.

दुसरी फसगत रूपांतरित कागदाची. एजंट किंवा विद्यार्थी स्वतःच वीसपैकी गुणांना पाचाने भागून चारच्या पट्टीचा एक रकाना वाढवतो, आणि मूळ रकाना झाकला गेला की कागद अमेरिकी वाटतो. अशा वेळी सुटे आकडे मोजावेत. खऱ्या चारच्या पट्टीवर अक्षरांइतकेच, म्हणजे दहा-बारा वेगवेगळे आकडे संभवतात. आपल्या पानाचे असे रूपांतर केले असते, तर २.५०, २.०५, २.८०, १.८० असे आकडे मिळाले असते. २.०५ कोणत्याही अक्षरश्रेणीच्या पायरीवर बसत नाही. असा एक आकडा दिसला, तरी पाचाने गुणून पाहावे, १०.२५ आले, की मूळ पट्टी कळली.

तिसरी फसगत टाळण्याचा उपाय आकड्यांत नाही. पश्चिम आशियात आणि आफ्रिकेत अमेरिकी धर्तीची खाजगी विद्यापीठे आहेत, आणि काही देशांत परदेशी विद्यापीठांच्या शाखाही आहेत. त्यांच्या गुणपत्रकावरची पट्टी ज्या देशाची, तो देश आणि जिथे वर्ग भरतात तो देश एकच नसतो. चारच्या पट्टीवर 'अमेरिका' असे टिपण करण्याची घाई म्हणूनच करू नये. 'अमेरिकी पद्धत, देश अनिश्चित' एवढेच लिहावे. विषयांच्या यादीत त्या देशाचा इतिहास, राज्यघटना किंवा भाषा यांचा सक्तीचा विषय असतो, तो देशाचे नाव पट्टीपेक्षा लवकर सांगतो. आपल्या पानावरचा 'इस्लामी विचार २' हा इराणी पदवीत सर्व शाखांना असणाऱ्या सक्तीच्या गटातला असाच विषय आहे. अभियंता असो वा चित्रकार, तो त्याला बहुधा असतोच.

टिपण कसे लिहावे

अंदाज काढल्यावर तो फायलीत अशा रीतीने नोंदवावा, की पुढच्या माणसाला कोणती खूण पक्की आणि कोणती कच्ची ते कळेल. या पानासाठी लिहिलेले टिपण साधारण असे होते : 'शिक्षणाचा देश बहुधा इराण. पक्का आधार : वीसपैकी गुण, पदवीची रेघ १०, सत्राची १६ एकके, सौर हिजरी वर्ष. पूरक आधार : शिक्क्यावरचे फारसी आकडे, सक्तीचा विषय, दशांशाची तिरकी रेघ. अनिश्चित : विद्यापीठ, विद्यार्थ्याचे नाव. मागवणे : पहिले पान, फारसी मूळ प्रत.' पडताळणीच्या पत्राचा पत्ताही यावरूनच बदलतो, कारण इराणमध्ये वैद्यकीय शाखा वगळता बहुतेक विद्यापीठे विज्ञान, संशोधन आणि तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात आणि वैद्यकीय विद्यापीठे आरोग्य मंत्रालयाकडे असतात. यांत्रिकीचा विषय असल्याने पहिला पत्ता लागू झाला.

टिपणात टक्केवारी मात्र लिहिली नाही. १३.११ ला पाचाने गुणून ६५.५५ टक्के असे लिहिण्याचा मोह कक्षात सगळ्यांना झाला होता. इराणमध्ये पदवीच्या सत्राची सरासरी १२ च्या खाली गेली की विद्यार्थी सशर्त गटात जातो, म्हणजे १३.११ हे त्या रेषेच्या थोडेच वर आहे. आपल्या ६५ टक्क्यांच्या प्रथम श्रेणीशी त्याची तुलना करणे चुकीचे ठरले असते. समकक्षतेचा निर्णय ज्यांच्या अधिकारात आहे, त्यांच्याकडे मूळ आकडेच जायला हवेत.

एजंटाकडून पहिले पान आठवड्याने आले आणि त्यावर इराणमधल्या विद्यापीठाचे नाव होते. त्याच फायलीत शंभरपैकी गुणांचे एक पान याच पानामागे टाचलेले होते. पट्टी जुळेना, म्हणून ते वेगळे काढून ठेवले होते. ते दुसऱ्या अफगाण अर्जदाराचे निघाले, आणि काबूलला जायचे पत्र खरे तर त्याच्यासाठी होते.